भांडण नक्की कधी सुरू झालं?

दापोली तालुक्यातल्या एका वाडीत 2021 च्या भाद्रपदात एकाच घरात दोन गणपती बसले. एक माजघरात, पिढ्यान्‌पिढ्या बसतो तिथेच. दुसरा पडवीच्या टोकाच्या खोलीत, नव्या टेबलावर. संध्याकाळी दोन्हीकडे आरती एकाच वेळी सुरू झाली. मधे एक मातीची भिंत. इकडे झांजा जोरात वाजल्या की तिकडचा आवाज चढायचा. या घरची माहेरवाशीण बहीण उंबऱ्यात उभी होती, दोन्ही खोल्या दिसतील अशी. तिने इकडचं तबक ओवाळलं, मग तिकडचं. दोन्हीकडे कुणी तिच्याशी बोललं नाही.

कोकणात भावाभावांत फाटलं की चूल आधी वेगळी होते, मग विजेचा मीटर, आणि सगळ्यात शेवटी गणपती. गणपती वेगळा आला की वाडी समजते, आता हे जुळायचं नाही.

या घराबद्दल मी आमच्या गावमंडळाच्या स्मरणिकेत लिहिलं होतं. नावं नव्हती, पण वाडीत कुणाला नाव लागतं? लेख मुंबईत वाचला गेला, चार जणांनी फोन करून डोळ्यांत पाणी आल्याचं सांगितलं. गावातून एकच फोन आला. बोलणारी बाई त्या घरची नव्हती, शेजारची होती. ती म्हणाली, “तुम्ही लिवलंत, बंद खोली उघडली आन आजीच्या गोधडीचा वास आला. ती गोधडी दरसाल उन्हात कोन घालतो, ता नाय लिवलंत.”

मी चाकरमान्याची मुलगी. डोंबिवलीत वाढले, गाव मला मे महिन्यात आणि गणपतीत भेटलं. त्या लेखात मी मुंबईच्या भावाचा कढ लिहिला होता आणि गावच्या भावाला नुसता दारात उभा केला होता, किल्ली हातात घेऊन. मला ते तेव्हा दिसलंही नाही. भाऊबंदकीवर मराठीत जे लिहिलं जातं त्यातलं बरंचसं असं एका बाजूच्या ओट्यावर बसून लिहिलेलं असतं, हे मला त्या फोननंतर कळायला लागलं. लिहिणारे बहुतेक शहरातले. शहरातला भाऊ फोनवर सापडतो, त्याला बोलता येतं, तो तारखा सांगतो. गावचा भाऊ “काय सांगायचा आता” म्हणून गप्प बसतो. त्याच्या गप्प बसण्याला आपण आडमुठेपणा समजतो.

म्हणून पुढच्या मे महिन्यात मी त्या घरच्या तिघांकडे वेगवेगळी गेले. त्यांच्या परवानगीने इथे पुन्हा लिहिते आहे. ओळख लपवायला काही खुणा बदलल्या आहेत, पण घटनांचा क्रम आणि पैशांची प्रमाणं बदललेली नाहीत. ती बदलली तर न्याय बदलतो.

तिघांनाही मी पहिला प्रश्न एकच विचारला: भांडण कधी सुरू झालं?

थोरला म्हणाला, 2016 साली. त्याच्या मुलाने घरामागे न्हाणीघर आणि संडास बांधायचा म्हटलं, बायको-पोरांना घेऊन यायचं तर सोय हवी म्हणून. धाकट्याने नाही म्हटलं. “माझ्या बापाच्या घरात मला संडास बांधायला परवानगी लागते?”

धाकटा म्हणाला, 2012 साली. आई पडवीत घसरली, मांडीचं हाड मोडलं, मग ती उठलीच नाही. थोरला दोनदा आला, दोन-दोन दिवस. दुसऱ्या खेपेला जाताना त्याने विचारलं, यंदा आंब्याच्या पेट्या किती गेल्या.

बहीण म्हणाली, 2013. आईचं तेरावं झालं आणि ती सासरी निघाली तेव्हा आईची लोखंडी पेटी आधीच उघडलेली होती. लुगडी खाटेवर पडली होती. कुणी तिला हाक मारली नव्हती.

ही तीन सालं मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत उपयोगी गोष्ट वाटते. कुठलं साल धरून गोष्ट सुरू करायची, यातच निकाल लागून जातो. 2016 पासून सुरू केली तर धाकटा दुष्ट. 2012 पासून केली तर थोरला मतलबी. 2013 पासून केली तर दोघेही. आणि ऐकणाऱ्याला वाटत राहतं की आपण नुसतं घडलेलं ऐकतो आहोत. म्हणून या विषयावर लिहिणाऱ्याने आपल्या आवडीचं साल न धरता तिन्ही सालं मांडावीत, असं माझं म्हणणं आहे. तसं केलं की आणखी मागे जावं लागतं, आणि तिथे काही वेगळंच सापडतं.

या घरात ते 1982 साली सापडलं.

थोरला 1978 मध्ये अठराव्या वर्षी मुंबईला गेला. परळच्या एका गिरणीत बदलीवर लागला, गावकऱ्यांच्या खोलीत अकरा जणांत राहिला. 1979 पासून दर महिन्याला त्याची मनीऑर्डर यायची, दोनशे रुपये. धाकटा सात-आठ वर्षांनी कधीतरी थट्टेत म्हणाला होता, दोनशेत काय होतं. ते थोरल्याच्या अजून मनात आहे. कारण ते दोनशे म्हणजे हातात पडणाऱ्या पगाराचा तिसरा हिस्सा होता. त्याच पैशांतून विहीर बांधून काढली गेली आणि डोंगरउतारावरची साठ हापूस कलमं बापाने लावली. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. थोरल्याची गिरणी त्याच्यासाठी पुन्हा सुरू झालीच नाही. दीड वर्ष मनीऑर्डर आली नाही. त्याने मार्केटात हमाली केली, एका दुकानाच्या फळीवर झोपला, आणि गावी पत्रात लिहिलं की सगळं ठीक आहे.

त्याच वर्षी मार्चमध्ये धाकटा दहावीला बसला आणि पास झाला. वाडीतला त्या वर्षीचा एकटाच पास. कॉलेज दापोलीला, राहायची-जेवायची सोय करायला पैसे नव्हते. बाप म्हणाला, एक वर्ष थांब. ते वर्ष अजून संपलेलं नाही, असं तो मला म्हणाला आणि उठून कलमांकडे निघून गेला.

थोरल्याला धाकट्याचं कॉलेज राहिलं ते ठाऊक होतं, पण ते संपामुळे हे त्याने कधी जोडलं नव्हतं. धाकट्याला संप झाला ते ठाऊक होतं, पण भाऊ फळीवर झोपत होता हे मी सांगेपर्यंत त्याच्या कानावर नव्हतं. थोरल्याने ते पत्रात लिहिलं नव्हतं, पुढे सांगायची वेळ आली नाही. चाळीस वर्षं दोघे एकाच आपत्तीच्या दोन टोकांना उभे होते. थोरला म्हणतो, मी घर उभं केलं आणि हा आयत्या बिळावर नागोबा. धाकटा म्हणतो, हा मुंबई बघायला गेला आणि मला इथे खुंट्याला बांधलं. दोघांची दोन्ही वाक्यं खोटी आहेत, आणि दोघांनी जे भोगलं ते खरं आहे.

भाऊबंदकीला आपण सरसकट लोभ म्हणतो. ‘पैशाने डोळे फिरले’ हे वाक्य तर तयारच असतं. लोभ असतोच, नाही असं नाही. पण लोभाने या घराचा उलगडा होत नाही. इथे तिघांनी घरात काहीतरी घातलं, प्रत्येकाने वेगळ्या मापाने घातलं, आणि ते कुठेच लिहिलं गेलं नाही. थोरल्याचं माप रुपये. धाकट्याचं माप दिवस आणि वर्षं. जमिनीच्या कागदावर दोन्हीही उमटत नाहीत, तिथे फक्त नावं असतात. म्हणून वाटणीची वेळ आली की तो न लिहिलेला हिशेब तोंडी मांडला जातो, आणि तोंडी हिशेबात प्रत्येकाला स्वतःची रक्कम चोख आठवते, दुसऱ्याची अंदाजे.

आंब्याचंच पाहा. थोरला वाशीच्या बाजाराच्या बातम्या वाचतो. मार्चमधल्या पहिल्या पेट्यांचा भाव साऱ्या हंगामाला लावतो आणि पेट्यांच्या संख्येने गुणतो. त्या गुणाकारात खोटं काही नाही, पण हंगाम त्यात बसत नाही. मेमध्ये माल एकदम उतरतो आणि भाव कोसळतो. हापूस एका वर्षी भरभरून धरतो आणि पुढच्या वर्षी हात आखडतो. मोहर आला की तुडतुड्यासाठी, फुलकिड्यांसाठी फवारण्या, ढगाळ हवा पडली की आणखी एक. मग वानरांची राखण, काढणीचे गडी, पेट्या, पेंढा, गाडीभाडं, दलाली. धाकट्याने हे सगळं वहीत कधी मांडलं नाही. त्याचं म्हणणं, भावाला हिशेब द्यायचा म्हणजे मी त्याचा गडी झालो. माझ्या मते इथे त्याची चूक झाली. त्याने वही ठेवली असती तर ती त्याच्याच बाजूने बोलली असती. हिशेब नाही, म्हणून थोरल्याच्या डोक्यात मार्चचा भाव राहिला आणि धाकट्याच्या मनात अपमान.

मग 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. साठातली बावीस कलमं मुळासकट आडवी झाली, पश्चिमेकडची कौलं उडाली. कित्येक दिवस फोन नाही, वीज नाही. थोरला तेव्हा लॉकडाऊनमध्ये आपल्या खोलीत अडकलेला. तिथून निघायला बंदी, आणि निघाला तरी गावकऱ्यांनी वेशीवर अडवलं असतं, ते दिवस तसे होते. फोन लागला तेव्हा त्याने आधी विचारलं, “किती झाडं गेली?” धाकट्याला त्यात मालकी ऐकू आली. त्याने मला सांगितलं, “माणसा जित्ती हत काय, ह्या इचारला नाय.” थोरल्याने मात्र आदल्या आठ दिवसांत वाडीच्या तिघांकडून माणसं सुखरूप असल्याचं कळवून घेतलं होतं, म्हणून तो झाडांकडे वळला. त्याने घर शाकारायला चाळीस हजार पाठवले. धाकट्याने पोचही दिली नाही.

एवढं सगळं दोन भावांचं झालं. आता बहिणीचं.

आईच्या वर्षश्राद्धानंतर, 2014 मध्ये, तिला तालुक्याला नेऊन हक्कसोडीवर सही घेतली. त्या दिवशी दोन्ही भावांचं छान जमलं होतं, हेही इथे लिहायला हवं. येताना तिला साडी घेतली, घरी ओटी भरली. तिने सही का केली? “माहेर तुटू नये म्हणून.” नंतरच्या सात वर्षांत ते माहेर दोन गणपतींत वाटलं गेलं.

अशा वेळी लिहिणारे, त्यात मीही आले, एक गोड वाक्य लिहितात: बहिणीला जमीन नको असते, फक्त माया हवी असते. पहिल्या लेखात मी ते लिहिलं होतं. ते सगळ्यांना आवडतं, भावांना विशेष. मी तिच्या घरी खेडजवळ बसले होते तेव्हा तिला ते वाक्य वाचून दाखवलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मला पैसे हवे होते गं. धाकटीच्या नर्सिंगची फी भरायची होती. सावकाराकडून घेतले.” मग थोड्या वेळाने, “पण मागितले असते तर म्हणाले असते, सासरच्यांनी शिकवून पाठवली.” भाऊ वाटा मागतो तेव्हा त्याला व्यवहार कळतो, बहीण मागते तेव्हा तिला फितवलेलं असतं. तिला पैसे हवे असणं हे माया नसण्याची खूण कशी काय होते? गरज भावांना असते तशी तिला असते. तिच्याबद्दल न्यायाने लिहायचं तर तिला मायेच्या मखरातून खाली उतरवावं लागेल.

आणि शब्द जपायला हवेत. थोरला ‘हिस्सा मागतो’, बहीण ‘वाटा मागायला येते’. गावचा भाऊ जमीन ‘कसतो’ का ‘बळकावून बसतो’, हे आपण कुणाच्या ओट्यावर बसलो आहोत त्यावर ठरतं. ‘सुनेने घर फोडलं’ ही तर आपली सर्वांत जुनी आणि सर्वांत आळशी ओळ. या घरातही वाडीने ती वापरली. धाकट्याची बायको कडक बोलते, हे खरं. न्हाणीघराला आडवी पडली ती तीच, हेही खरं. ती का आडवी पडली ते मी विचारलं. जागा जिथे आखली होती तिथे तिची न्हाणी आणि पाणी तापवायची चूल आहे. त्या न्हाणीत तिने सासूला तेरा महिने अंघोळ घातली. दोन माणसांनी उचलून न्यायचं वजन ती एकटी पाटावरून ओढत न्यायची, कारण नवरा कलमांवर. मोडलेली मांडी, पाठीला फोड पडू नयेत म्हणून रात्री दोनदा कूस बदलायची. तिथे मुंबईच्या मुलाने मोजपट्टी धरली आणि तिला एक शब्द न विचारता चुन्याने रेघा मारल्या. तिचं नाव या घराच्या कुठल्याच कागदावर नाही. दोन भाऊ आणि एक बहीण यांच्या हिशेबात तिने घातलेलं कुणाच्या खात्यावर मांडायचं, याचं उत्तर मला आजही सापडलेलं नाही.

इतकं ऐकल्यावर एक मोह होतो, सगळेच बरोबर आणि कुणाचंच चुकलं नाही, असं म्हणून मोकळं व्हायचा. मला तो मान्य नाही. 2018 मध्ये धाकट्याने बांधावरचे सागाचे सहा वृक्ष न विचारता विकले. पैसे मुलाच्या लग्नाला लागले, गरज खरी होती, पण झाडं त्याच्या एकट्याची नव्हती आणि एक फोन करता आला असता. ही चूक आहे. थोरल्याने आईच्या दहाव्याच्या दिवशी, पिंडाला कावळा शिवायच्या आधी, नदीवरच जमिनीचा विषय काढला. हीही चूक आहे, आणि ती मला सागापेक्षा मोठी वाटते, कारण झाडांचे पैसे देता येतात. तोल सांभाळायचा म्हणून दोष सारख्या मापाने वाटून टाकले, तर ज्याच्यावर जास्त अन्याय झाला त्याच्यावर आपण आणखी एक करतो. काही घरांत खोटी सही असते, म्हाताऱ्या बापाला गाडीत घालून अंगठा उठवलेला असतो. तिथे ‘दोन्ही बाजू’ म्हणत बसणं म्हणजे करणाऱ्याला झाकणं. माणसाने असं का केलं ते समजून घ्यावं आणि त्याने काय केलं ते स्पष्ट लिहावं.

कायद्याचा तपशील मी या लेखात मुद्दाम आणलेला नाही. तो बिनमहत्त्वाचा म्हणून नव्हे, हक्क आहे तो आहेच आणि बहिणीने तो समजून घ्यावाच, चांगल्या वकिलाकडून. पण लिखाणात कलमं आणि निकाल आले की वाचणारा लगेच न्यायाधीश होतो. कोण जिंकेल एवढंच शोधत पानं उलटतो. कोर्ट सांगेल कुणाला किती गुंठे. धाकटा 2017 पासून मुंबईला आंब्याची पेटी का पाठवत नाही, आणि थोरला तरी दर मेमध्ये बाजारातून दापोलीचा म्हणून विकला जाणारा आंबा विचारून का घेतो, ते कोर्टात विचारतही नाहीत.

हा लेख छापायला देण्याआधी मी चौघांना वाचायला दिला. प्रत्येकाने एकेक दुरुस्ती सांगितली. थोरल्याने ‘हमाली केली’ यापुढे किती महिने ते लिहा म्हटलं, मग स्वतःच नको म्हणाला. धाकट्याने पडलेली कलमं वीस नव्हे, बावीस केली. बहिणीने जिथे मी ‘पैसे मागितले नाहीत’ लिहिलं होतं तिथे ‘मागितले असते तर’ असं करायला लावलं. धाकट्याच्या बायकोला वाचता येतं, पण तिने कागद हातात घेतला नाही, मला म्हणाली तूच वाच. मी न्हाणीपाशी, पायरीवर बसून वाचलं. मधे तिने फक्त एकदा थांबवलं. मी अकरा महिने लिहिलं होतं.

“तेरा,” ती म्हणाली. “अकरा नाय. तेरा म्हयने.”

मी तिथल्या तिथे आकडा बदलला.